आकार आधी, चित्र नंतर

शिकाऊ परवान्यासाठी आरटीओची परीक्षा दिलेल्या माणसाला रस्त्यावरच्या पाट्या कळतात. लाल काठाचा पांढरा त्रिकोण दिसला की पुढे वळण, शाळा किंवा गतिरोधक. लाल कड्यात 50 लिहिलेले दिसले की वेग त्याच्या आत. हाच माणूस पहिल्यांदा कारखान्यात किंवा बांधकामाच्या साइटवर कामाला लागतो तेव्हा मात्र ही विद्या अर्धीच कामाला येते. तिथल्या पाट्यांचे नियम वेगळे आहेत. जगभर ते आयएसओ 3864 आणि आयएसओ 7010 या मानकांनी ठरवले आहेत, आपल्याकडे आयएस 9457 हे मानक आहे, आणि रंग-आकारांची मूळ वाटणी सगळीकडे एकच आहे.

ती वाटणी समजून घ्यायला एखाद्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये फेरी मारू. पत्रे कापायच्या जागेपाशी निळी गोल पाटी आहे आणि तिच्यात पांढऱ्या रंगात हातमोजे काढले आहेत. दहा फुटांवर ड्रिल मशीन आहे. तिथल्या पाटीवरही हातमोजाच आहे, पण तो काळा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, भोवती लाल कडे आणि डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणारा लाल पट्टा. पलीकडे प्रेस आहे. तिथे काळ्या काठाचा पिवळा त्रिकोण, आणि त्यात दोन भागांमध्ये सापडलेला हात.

तिन्ही पाट्या हाताबद्दलच बोलतात, पण तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. निळे वर्तुळ सक्तीचे: पत्र्याची धार हात कापते, म्हणून इथे हातमोजे घातलेच पाहिजेत. लाल कडे आणि आडवा पट्टा मनाईचा: फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचे टोक अडकले तर ते बोटांसकट हात आत ओढून घेते, म्हणून इथे मोजे घालायचे नाहीत. नवीन माणसाला हे उलटे वाटते. हातमोजे म्हणजे सुरक्षा, एवढेच त्याच्या डोक्यात असते. मग तो पत्रे कापून झाल्यावर तसाच मोजे घालून ड्रिलपाशी येतो. पिवळा त्रिकोण इशाऱ्याचा: इथे हात चिरडण्याचा धोका आहे. तो काही घाला म्हणत नाही, काही करू नका असेही म्हणत नाही. धोका कोणता ते सांगतो आणि काळजी तुमच्यावर सोपवतो.

म्हणूनच पाटी वाचताना चित्राकडे शेवटी पाहावे. आधी आकार, मग रंग, मग चित्र. आपण नेमके उलटे करतो. चित्र ओळखीचे दिसते, आणि पाटी वाचली असे वाटते.

चौथा प्रकार सुरक्षित जागेचा: हिरवा चौरस किंवा आयत, त्यात पांढरे चित्र. बाहेर पडायचे दार, प्रथमोपचार पेटी, डोळे धुवायचे नळ, आपत्कालीन शॉवर. बाकी तीन पाट्या काम करताना वाचायच्या असतात. ही मात्र आणीबाणीत, धुरात, घाबरलेल्या अवस्थेत सापडावी लागते. त्यामुळे हिच्या मोजमापाचा हिशेबही ठरलेला आहे. बाहेरून प्रकाश पडणारी पाटी तिच्या उंचीच्या शंभरपट अंतरावरून वाचता येते असे धरतात. आतून दिवा असलेली दोनशेपट. म्हणजे 15 सेंटिमीटर उंचीची साधी पाटी 15 मीटरपर्यंत उपयोगी. 40 मीटर लांबीच्या गोदामात एका टोकाला अशी एकच पाटी लावली, तर दुसऱ्या टोकाच्या माणसासाठी ती नसल्यासारखीच.

रंग असताना आकार कशाला, असा प्रश्न पडेल. लाल आणि हिरव्यातला फरक नीट न कळणारी माणसे सगळीकडे असतात; युरोपीय वंशाच्या पुरुषांत बारात साधारण एक, आपल्याकडे प्रमाण कमी, पण कामगार शंभर असतील तर असा कोणी ना कोणी निघायची शक्यता असतेच. त्याला लाल वर्तुळ आणि हिरवा चौरस आकारावरून वेगळे कळतात. दुसरी गोष्ट, जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांखाली चांगल्या डोळ्यांनाही रंग धड ओळखू येत नाहीत.

रंग किती असावा याचेही माप आहे. निळा, पिवळा आणि हिरवा आपापल्या पाटीचा किमान निम्मा भाग व्यापतो. मनाईच्या पाटीत लाल किमान 35 टक्के. हे माप बाजारात सर्रास मोडले जाते. फ्लेक्सवाल्याकडून करून घेतलेल्या पाट्यांवर लाल कडे दोऱ्याएवढे बारीक असते. तशात उन्हात लाल छपाई लवकर विटते. दोन उन्हाळ्यांनी पट्टा उडतो आणि पांढऱ्यावर नुसती काळी सिगारेट उरते. अशी पाटी काहीच सांगत नाही, किंवा ओढायला जागा आहे असे सांगते. ती उतरवून नवी लावावी. मार्करने पट्टा ओढून भागवू नये.

आता काही प्रश्न. नव्या कामगारांच्या सुरक्षा चाचणीत साधारण असेच विचारतात. उत्तर वाचण्याआधी क्षणभर थांबा.

लाल कड्यात हेल्मेटचे चित्र आहे, आडवा पट्टा नाही. अर्थ काय? रस्त्यावर वेगमर्यादेच्या पाटीला पट्टा नसतो, म्हणून अनेकजण ‘हेल्मेट घाला’ असे उत्तर देतात. कारखान्याच्या नियमात ही पाटी चूक आहे. सक्ती हवी तर निळे भरीव वर्तुळ आणि पांढरे हेल्मेट. पट्टा काढून ‘दुरुस्त’ केली तर अर्थ उलटा, हेल्मेट घालू नका असा होईल.

पिवळ्या त्रिकोणात ज्वाळा आहे. इथे धूम्रपानाला मनाई आहे का? पाटी एवढेच म्हणते की इथे पेट घेणारा माल आहे. मनाईसाठी शेजारी पट्टा मारलेल्या काडीची किंवा सिगारेटची वेगळी पाटी हवी. ती नसेल तरी काडी ओढू नये हे शहाणपण झाले. परीक्षेत मात्र त्रिकोणाचे उत्तर ‘इशारा’ एवढेच.

लाल चौरसात अग्निशामक सिलिंडर आहे. मनाई? नाही. लाल असला तरी आकार चौकोनी आहे. हा पाचवा प्रकार: आग विझवायचे साधन इथे आहे.

उद्गारचिन्ह पिवळ्या त्रिकोणात आणि उद्गारचिन्ह निळ्या वर्तुळात, फरक काय? पहिले म्हणजे इथे धोका आहे, दुसरे म्हणजे इथली सूचना पाळणे सक्तीचे आहे. दोन्हींखाली मजकुराची पट्टी असायलाच हवी, नाहीतर कशाचा धोका आणि कोणती सूचना हे वाचणाऱ्याला कळायचे कसे?

डीपीवर कवटी, दोन हाडे आणि ‘440 व्होल्ट’ अशी चौकोनी पाटी आहे. ती वरच्या कोणत्या प्रकारात बसते? कोणत्याच नाही. विजेच्या धोक्याच्या पाटीसाठी आपल्याकडे आयएस 2551 हे स्वतंत्र मानक आहे. नव्या कारखान्यांत तिच्यासोबत विजेच्या बाणाचा पिवळा त्रिकोणही दिसतो.

शेवटचा, ज्यात सगळ्यात जास्त जण चुकतात. प्रथमोपचार पेटीवर कोणते चिन्ह हवे? पांढऱ्यावर लाल क्रॉस हे उत्तर चूक. हवा तो हिरव्या चौरसात पांढरा क्रॉस. लाल क्रॉस हे जिनिव्हा करारांनी संरक्षित केलेले चिन्ह आहे, आणि भारतात 1960 च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार परवानगीशिवाय ते वापरणे हा गुन्हा आहे.