नवं प्रमाणपत्र आणि अर्जाचं पत्र

अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेतलेली मुलगी दूध डेअरीत गुणवत्ता सहायकाच्या जागेसाठी अर्ज करते. नुकतंच तिनं फॉस्टॅकचं, म्हणजे एफएसएसएआयच्या अन्नसुरक्षा प्रशिक्षणाचं, सुपरवायझर प्रमाणपत्र मिळवलेलं असतं. बहुतेक पत्रांत त्याचा उल्लेख असा येतो: ‘मी फॉस्टॅक प्रमाणपत्रधारक असून मला अन्नसुरक्षेचे सखोल ज्ञान आहे.’ या वाक्यातून डेअरीच्या गुणवत्ता व्यवस्थापकाला काहीच कळत नाही.

प्रमाणपत्राला कारखान्यात किंमत नक्की आहे. दर 25 अन्न हाताळणाऱ्यांमागे किमान एक प्रशिक्षित सुपरवायझर असावा, अशी एफएसएसएआयची अपेक्षा असते. म्हणून कोर्सचं पूर्ण नाव, पातळी आणि मिळाल्याची तारीख पत्रात लिहावी. तारीख महत्त्वाची, कारण हे प्रमाणपत्र 2 वर्षंच चालतं. पण हे प्रशिक्षण थोडक्या वेळाचं असतं, तेवढ्यात प्रयोगशाळेतला हात तयार होत नाही, हे व्यवस्थापकाला पक्कं ठाऊक असतं. शिकलेलं प्रत्यक्ष कुठे वापरलं, हे त्याला हवं असतं.

समजा, या मुलीनं शेवटच्या सत्रात एका डेअरीत प्रशिक्षण घेतलं आहे. तिथे दूध 72 अंश सेल्सिअसला किमान 15 सेकंद तापवलं जायचं. तापमान खाली आलं तर फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह ते दूध पुढे न सोडता परत फिरवतो. पाश्चरीकरण नीट झालं का, हे फॉस्फेटेज चाचणीवरून कळतं. हे एन्झाइम कच्च्या दुधात असतं आणि पुरेशा उष्णतेनं निकामी होतं. चाचणीत ते सापडलं, तर दूध कमी तापलं आहे किंवा त्यात कच्चं दूध मिसळलं आहे, अशी शंका घ्यावी लागते.

आता तिचं वाक्य असं होऊ शकतं:

‘प्रशिक्षणात पाश्चरायझरचा तापमान-तक्ता दर तासाला नोंदवण्याचं आणि फॉस्फेटेज चाचणीसाठी नमुने घेण्याचं काम मी केलं. चाचणी प्रयोगशाळेतले केमिस्ट करत, मी ती जवळून पाहिली. तापमान घसरल्यावर दूध का परत फिरवायचं आणि त्याची नोंद कशी ठेवायची, याचा पाया नंतरच्या फॉस्टॅक प्रशिक्षणात पक्का झाला.’

यातलं ‘केलं’ आणि ‘पाहिली’ हे वेगळं ठेवणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. गुणवत्ता विभागाचं निम्मं काम खरी नोंद ठेवण्याचंच असतं. स्वतः न केलेली चाचणी पत्रात स्वतःच्या नावावर घेणारा उमेदवार उद्या न पाहिलेलं तापमान तक्त्यात भरेल, ही भीती रास्त आहे. शिवाय मुलाखतीत ‘नमुना कुठल्या नळातून घेतलात?’ एवढा एक प्रश्न आला, तरी खोटं उघडं पडतं.

‘हॅसॅप योजना तयार केली’ असंही नवख्यानं लिहू नये. ती योजना अनुभवी लोकांचा गट मिळून बनवतो. सहायकाकडे नमुने, नोंदी आणि स्वच्छतेची तपासणी असते, तेव्हा पत्रही तेवढ्यावरच बोलावं आणि एका पानात संपावं. प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडायला विसरू नका.