अम्मी-अब्बांचा उमरा : पॅकेजच्या आकड्यापलीकडचा हिशेब

तरावीहची नमाज आटोपून लोक मशिदीबाहेर पडतात तेव्हा रमजानच्या दिवसांत एक विषय हमखास निघतो. यंदा उमऱ्याला कोण गेलं, पुढच्या वर्षी कोण जाणार, आणि पॅकेज कितीचं आहे? कुणीतरी खिशातून टूरवाल्याचं पत्रक काढतो. त्यावर मोठ्या अक्षरात एक रक्कम असते आणि खाली विमान, व्हिसा, हॉटेल, जेवण, जियारत अशी यादी असते. चाळिशीतल्या मुलाला ती रक्कम पुरते. पण सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना सोबत न्यायचं असेल, तर ती रक्कम म्हणजे हिशेबाची फक्त पहिली ओळ असते.

पहिला निर्णय काळाचा. रमजानमधल्या उमऱ्याचा सवाब हजच्या बरोबरीचा असल्याची हदीस आहे, त्यामुळे वडीलधाऱ्यांची ओढ याच महिन्याकडे असते. मात्र याच महिन्यात, विशेषतः शेवटच्या दहा दिवसांत, मक्केतल्या खोल्यांचे दर सर्वांत चढे असतात आणि हरममध्ये गर्दीही सर्वांत जास्त असते. रमजाननंतर शव्वालमध्ये हजच्या तयारीसाठी उमऱ्याचे व्हिसा थांबतात आणि हज झाल्यावर पुन्हा सुरू होतात. तो काळ सध्या कडक उन्हाळ्याचा आहे आणि मक्केत तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो. गुडघे दुखणाऱ्या, साखर असणाऱ्या माणसांसाठी नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ शरीराला आणि खिशाला, दोन्हींना सोसवणारा आहे. त्यातही शाळांच्या सुट्ट्यांचे आठवडे टाळावेत.

आता एक उदाहरण घेऊ. सोलापूरचं कुटुंब आहे. अब्बा 74 वर्षांचे, गुडघ्यांनी थकलेले. अम्मी 69 वर्षांच्या, इन्सुलिन घेणाऱ्या. सोबत मुलगा. पंधरा दिवसांचं पॅकेज माणशी 90 हजारांचं आहे असं धरू, म्हणजे तिघांचे 2 लाख 70 हजार. रियाल साधारण 24 रुपयांचा धरू. तुमच्या गावी आणि तुमच्या तारखेला आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

पत्रकावर हॉटेल ‘हरमपासून 800 मीटर’ असं लिहिलेलं असतं. हे अंतर बहुधा मशिदीच्या बाहेरच्या हद्दीपर्यंतचं असतं. तिथून अंगण ओलांडून काबागृहापर्यंत जायचं चालणं वेगळं. दिवसातून दोनदा जायचं ठरवलं, पहाटे फजरला आणि दुपारी असरला जाऊन इशानंतर परत, तरी नुसतं येण्याजाण्यात तीन किलोमीटरच्या वर चाल होते. शिवाय मक्का डोंगरांच्या कुशीतलं गाव आहे. काही रस्त्यांना चांगलाच चढ आहे आणि उतारापेक्षा परतीचा चढ म्हाताऱ्या माणसाला जास्त जड जातो. स्वस्त पॅकेजमध्ये लांबच्या वस्तीत खोली आणि बसची सोय असते. पण जुम्याला आणि नमाजच्या वेळी रस्ते बंद होतात, बस दूरवर थांबते, आणि नेमकी तेव्हाच तिची गरज असते.

म्हणून जास्तीचा पैसा सर्वांत आधी मक्केतल्या हॉटेलवर घालावा. मदीना सपाट आहे आणि मस्जिदे नबवीभोवती हॉटेलांची दाटी आहे. तिथे मध्यम दर्जाचं हॉटेलही चालतं. टूरवाल्याला हॉटेलचं नाव लेखी मागा आणि नकाशावर पायी जायचा रस्ता पाहा. खोलीत किती जण, हेही विचारा. पाच जणांच्या खोलीत पहाटे तीनला वुजूसाठी रांग लागते आणि रात्री दोन-तीनदा उठणाऱ्या माणसाची पंचाईत होते. आणखी एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. न्हाणीघरात टब आहे का? कठडा ओलांडून टबात उतरताना म्हाताऱ्यांचा पाय घसरतो, म्हणून साधा शॉवर असलेली खोली मागावी. नमाज सुटल्यावर लिफ्टसमोर गर्दी होते, तेव्हा खालचा मजला मिळाला तर उत्तम. आपल्या उदाहरणात जवळचं हॉटेल आणि तिघांचीच खोली यासाठी माणशी 30 हजार वाढवू. ते झाले 90 हजार.

दुसरा सल्ला पैशाचा नाही, क्रमाचा आहे. जमलं तर आधी मदीना, मग मक्का असा प्रवास घ्यावा. जिद्दाला उतरून थेट मक्केला जाणाऱ्याला मीकात विमानातच ओलांडावा लागतो, म्हणून एहराम मुंबईतच बांधावा लागतो. रात्रभराचं जागरण, विमान, इमिग्रेशनची रांग, बस, आणि त्याच थकव्यात तवाफ आणि सई. मदीना आधी घेतली तर तीन-चार दिवस विश्रांती मिळते, औषधांच्या वेळा बसतात आणि मक्केला निघताना जुल-हुलैफा इथे एहराम बांधता येतो. मदीना ते मक्का हे साडेचारशे किलोमीटरचं अंतर बसने पाच-सहा तासांचं आहे. हरमैन रेल्वेने अडीच तासांच्या आसपास लागतात आणि डब्यातच स्वच्छतागृह असतं. पॅकेजमध्ये बस असली तरी या एका टप्प्यासाठी रेल्वेचं तिकीट काढणं परवडतं.

उमऱ्याची चाल किती, हे घरीच मोजून पाहावं. सफा आणि मरवा यांच्यात सुमारे साडेचारशे मीटर अंतर आहे. सात फेऱ्यांचे तीन किलोमीटरपेक्षा जास्त होतात. तवाफचे सात फेरे वेगळे, आणि वरच्या मजल्यावरून केले तर घेर मोठा असल्याने ते कितीतरी लांबतात. निघण्याच्या दोन महिने आधी अब्बांना सपाट रस्त्यावर रोज चालवून बघा. दीड किलोमीटरला थांबावं लागत असेल, तर चाकखुर्चीचा खर्च आधीच धरा. उज्र असलेल्या माणसाने चाकखुर्चीवरून तवाफ आणि सई करायला शरीअतची मोकळीक आहे, हे त्यांना घरीच समजावून सांगितलेलं बरं. तिथे ऐन वेळी ते ‘मी चालेन’ म्हणतात आणि सईच्या चौथ्या फेरीत बसकण मारतात.

हरममध्ये चाकखुर्च्या मिळतात. ढकलणारा माणूस हवा असेल तर अधिकृत काउंटरवरूनच घ्यावा आणि दर आधी ठरवावा. वरच्या भागात भाड्याच्या विजेच्या गाड्याही आहेत. विमानतळावरची चाकखुर्ची मात्र तिकीट काढतानाच नोंदवावी, तिचे पैसे पडत नाहीत. चाकखुर्ची आणि टॅक्सी मिळून 2,000 रियाल, म्हणजे 48 हजार रुपये धरू.

औषधपाण्याचा भाग निघण्याच्या सहा आठवडे आधी सुरू होतो. उमऱ्यासाठी मेंदूज्वराची एसीडब्ल्यूवाय लस सक्तीची आहे आणि ती पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. डॉक्टरांकडून औषधांची यादी ब्रँडच्या नावाने नको, मूळ औषधाच्या नावाने इंग्रजीत, सही-शिक्क्यासह घ्यावी. कारण आपल्याकडे नसांच्या दुखण्यावर सर्रास दिलं जाणारं प्रीगॅबालिन, ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि झोपेच्या काही गोळ्या सौदीत नियंत्रित औषधांत मोडतात. त्यांना आधी परवानगी लागते. पर्यायी औषध चालत असेल तर ते महिनाभर आधीच सुरू करून पाहावं. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावं. सामानाच्या कप्प्यातल्या थंडीने ते गोठून निकामी होऊ शकतं. औषधं पंधरा दिवसांची नको, पंचवीस दिवसांची न्यावीत आणि दोन पिशव्यांत विभागावीत. तपासणी, लस, औषधं आणि रुंद पंजाच्या चपला मिळून 30 हजार धरू.

उमऱ्याच्या व्हिसाबरोबर विमा येतो, पण तो अचानक उद्भवलेल्या गरजेसाठी असतो. जुन्या आजाराचा नेहमीचा उपचार त्यात बसत नाही. वेगळा प्रवास विमा घ्यावा आणि अर्जात साखर, रक्तदाब, स्टेंट सगळं लिहावं. लपवलेला आजार दावा फेटाळायला पुरेसं कारण ठरतो. त्याचे 12 हजार. सोलापूरहून मुंबईला स्वतंत्र गाडी, आणि उड्डाणाच्या आदल्या रात्री मुक्काम, जाता-येता मिळून 35 हजार. दूध, फळं, पथ्याचं जेवण, कपडे धुणं यासाठी रोज 60 रियाल धरले तर पंधरा दिवसांचे सुमारे 22 हजार. खजूर, तसबीह, जानमाज अशा भेटींचे 20 हजार. सगळं मिळून 5 लाख 27 हजार होतात.

परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस कापला जातो, तो पत्रकातल्या रकमेत धरलाय का, हेही विचारा. हा कर ज्याच्या पॅनवर जमा होतो त्याला विवरणपत्र भरून परत मिळतो किंवा देय करातून वजा होतो. अब्बांचं उत्पन्न करपात्र नसेल आणि पॅन त्यांचा दिला असेल, तरी परताव्यासाठी त्यांचं विवरणपत्र भरावंच लागेल.

उरली राखीव रक्कम. ती अंदाजाने ‘थोडे जास्त ठेवू’ अशी ठरवू नये. काय बिघडू शकतं, त्यावरून ती मोजावी. अम्मी आजारी पडल्या आणि डॉक्टरांनी पाच दिवस प्रवास नको म्हटलं, असं समजा. ग्रुप निघून जाईल. तिघांची नवी परतीची तिकिटं किंवा तारीख बदलण्याचे 60 हजार. पाच रात्रींची खोली 300 रियालने 1,500 रियाल, म्हणजे 36 हजार. विम्याचे पैसे येईपर्यंत औषधं, तपासण्या आणि टॅक्सीचे 1,000 रियाल, म्हणजे 24 हजार. एकूण 1 लाख 20 हजार. मुक्काम लांबला तर व्हिसाची मुदत पुरते का, हेही तारखा ठरवतानाच बघावं. शेवटच्या तारखेला चिकटून परतीचं तिकीट काढू नये.

ही रक्कम तीन जागी ठेवावी. 2,000 रियाल रोख, मुलाकडे आणि अब्बांकडे निम्मे-निम्मे. बराचसा भाग फॉरेक्स कार्डवर. बाकीचे घरी राहिलेल्या भावाच्या किंवा बहिणीच्या खात्यात, सोबत पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याच्या प्रती. ही रक्कम खरेदीला हात न लावता परत आली पाहिजे.

आता बेरीज 6 लाख 47 हजार झाली. पत्रकावर 2 लाख 70 हजार होते. इतके जमत नसतील, तर कापायचं कुठे? दिवस कमी करा. पंधराऐवजी दहा दिवसांतही उमरा आणि मदीनेची हाजिरी शांतपणे होते. भेटवस्तू निम्म्या करा. स्वस्त महिना शोधा. मक्केतलं हॉटेल, चाकखुर्ची, विमा आणि राखीव रक्कम यांना हात लावू नका. तरीही कमी पडत असेल, तर सहा महिने थांबा. हनफी मसलकात उमरा सुन्नत आहे, कोकणातले आपले शाफई बांधव तो ऐपत असणाऱ्यावर आयुष्यात एकदा फर्ज मानतात. पण कर्ज काढून निघावं, असं दोन्हींकडे कुणी सांगत नाही. अम्मी-अब्बांनी विचारलं ‘अजून किती?’ तर त्यांना वही दाखवा. कुठला पैसा कशासाठी बाजूला काढलाय हे कळलं, की तेच म्हणतात, ‘हॉटेल जवळचंच घे, खजूर इथेही मिळतात.’