नववा बिट काय सांगतो?

सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखवणारा छोटा एलसीडी अनेकांनी पाहिलेला असतो. वजनकाट्यावर, यूपीएसवर, इंजिनिअरिंगच्या मुलांच्या प्रोजेक्टमध्ये तो हमखास भेटतो. आर्डुइनो बोर्डाला असा डिस्प्ले चार तारांनी जोडला, प्रोग्रॅम भरला, मागचा दिवा लागला. पण पडद्यावर अक्षरांऐवजी वरच्या ओळीत नुसते सोळा काळे चौकोन दिसतात. प्रोग्रॅम कुठलीही चूक दाखवत नाही. मल्टिमीटर लावला तर पाच व्होल्ट व्यवस्थित मिळतात. मग बिघाड नेमका कुठे?

काळे चौकोन म्हणजे डिस्प्लेला वीज मिळते आहे, पण सुरुवातीच्या सूचना त्याच्यापर्यंत पोचलेल्या नाहीत. त्या चारपैकी दोन तारा विजेच्या आणि दोन संभाषणाच्या. या दोन तारांवर बोलण्याची पद्धत म्हणजे आयटूसी. फिलिप्स कंपनीने ती १९८२ मध्ये आणली. एका तारेवर घड्याळाचे ठोके जातात, ती एससीएल. दुसरीवर माहिती जाते, ती एसडीए. दोन्ही तारा रेझिस्टरमार्फत पाच व्होल्टला बांधलेल्या असतात, त्यामुळे कुणी काही करत नसेल तर त्या वर, म्हणजे १ वर असतात. बोलणारी चिप तार फक्त खाली ओढू शकते. वर ढकलण्याची सोय तिच्यात नसते. तिने सोडली की तार आपोआप वर जाते. हा नियम लक्षात ठेवायचा, कारण पुढचं सगळं निदान त्यावरच उभं आहे.

मल्टिमीटर हे संभाषण पकडू शकत नाही. नेहमीच्या वेगाने, सेकंदाला एक लाख ठोके पडत असताना, एक बिट जेमतेम दहा मायक्रोसेकंद टिकतो. इथे लॉजिक अ‍ॅनलायझर लागतो. यूएसबीला लावायची ही छोटी डबी तारेची स्थिती ठरावीक वेगाने टिपते आणि संगणकावर ० आणि १ यांचा आलेख काढते. आधी तिची ग्राउंडची तार बोर्डाच्या ग्राउंडला जोडायची, मग एक चॅनेल एससीएलला आणि एक एसडीएला. टिपण्याचा वेग सेकंदाला वीस लाख नमुने ठेवला की प्रत्येक बिटामागे वीस नमुने मिळतात. तेवढे पुरतात. एसडीए खाली येताच नोंद सुरू होईल असा ट्रिगर लावायचा आणि बोर्डावरचं रीसेटचं बटण दाबायचं.

आता आलेख डावीकडून वाचायचा. पहिली खूण स्टार्टची: एससीएल वर असतानाच एसडीए खाली येते. माहितीचे बिट जात असताना असं कधीच होत नाही. तेव्हा एसडीए बदलते ती एससीएल खाली असताना, आणि बिट वाचला जातो तो एससीएल वर असताना. म्हणून स्टार्ट चटकन ओळखू येतो. त्यानंतर एससीएलचे नऊ ठोके मोजायचे. पहिल्या सात ठोक्यांवर पत्ता असतो. आठवा बिट ० असेल तर लिहायचं आहे, १ असेल तर वाचायचं आहे. नवव्या ठोक्याला आर्डुइनो एसडीए सोडून देतो. वर्गात हजेरी घेताना गुरुजी क्रमांक उच्चारून थांबतात, तसा हा थांबा. ज्या चिपचा तो पत्ता आहे, तिने एसडीए खाली ओढून ‘हजर’ म्हणायचं. नवव्या ठोक्याला एसडीए खाली दिसली तर होकार आला. वर दिसली तर उत्तर नाही.

आपल्या डिस्प्लेच्या आलेखात पहिले सात बिट ०१००१११ असे येतात. हा पत्ता `0x27`. आठवा बिट ०, म्हणजे लिहायचं आहे. त्यानंतर एसडीए वर जाते आणि नववा ठोका पूर्ण होईपर्यंत वरच राहते. पल्सव्ह्यू या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आयटूसीचा डिकोडर लावला तर त्याचा सारांश असा दिसतो:

```
Start
Address write: 27
NACK
Stop
```

एवढ्यावरून बरंच कळतं. स्टार्ट नीट आहे, ठोके नीट आहेत, प्रोग्रॅमने ज्याला हाक मारायची ठरवली त्याच पत्त्याला हाक गेली आहे. कमी आहे ती फक्त उत्तराची. प्रोग्रॅम गप्प राहिला त्याचं कारणही इथेच आहे: डिस्प्लेच्या प्रचलित लायब्ररीत हे उत्तर तपासलंच जात नाही.

आता डिस्प्लेच्या पाठीवरची छोटी पट्टी उलटून चिपवरची अक्षरं भिंगातून वाचायची. या पट्ट्यांवर पीसीएफ८५७४ किंवा पीसीएफ८५७४ए यांपैकी एक चिप असते. काम तेच, पण पत्त्याचे पहिले चार बिट वेगळे. पहिलीचे ०१००, ‘ए’वालीचे ०१११. उरलेले तीन बिट पट्टीवरच्या ए०, ए१, ए२ या जागांवरून ठरतात. त्या न जोडता मोकळ्या सोडल्या असतील तर तिन्ही १. म्हणजे एकीचा पत्ता `0x27`, दुसरीचा `0x3F`. आपल्या चिपवर ‘ए’ आहे. प्रोग्रॅममध्ये पत्ता बदलून पुन्हा नोंद घेतली की ०११११११ नंतर लिहिण्याचा ० येतो, नवव्या ठोक्याला एसडीए खालीच राहते आणि पाठोपाठ माहितीचे बाइट वाहू लागतात. पडद्यावर अक्षरं उमटतात.

पत्ता बरोबर असूनही होकार आला नाही तर? नकार हा कुणी पाठवलेला निरोप नसतो. तार कुणी ओढली नाही एवढाच त्याचा अर्थ. चिपला वीज नसेल, तार मध्येच तुटली असेल किंवा चिपकडे एसडीए आणि एससीएलची अदलाबदल झाली असेल, तरी आलेख हाच येतो. म्हणून प्रोब आर्डुइनोच्या पिनांवरून काढून थेट चिपच्या पायांवर लावायचे. तिथे ठोकेच पोचत नसतील तर तार तुटली आहे. दोन्ही आलेख उलटे दिसले तर जोडणी उलटी आहे. ईईप्रॉमसारख्या स्मृतीच्या चिपा लिहून झाल्यावर काही मिलिसेकंद आतल्या कामात असतात आणि तेवढा वेळ होकार देत नाहीत. तो बिघाड नव्हे, थोडं थांबून पुन्हा हाक मारायची. तसंच चिपकडून माहिती वाचताना शेवटच्या बाइटनंतर आर्डुइनो स्वतःच होकार देत नाही. ‘आता पुरे’ म्हणण्याची ती ठरलेली रीत आहे. म्हणून नकार दिसताच तो पत्त्यानंतरचा आहे की शेवटच्या बाइटनंतरचा, हे आधी पाहायचं.

एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. अ‍ॅनलायझर व्होल्टेज दाखवत नाही. पाच व्होल्टवर चालणारी ही चिप साडेतीन व्होल्टच्या वर गेल्यावरच १ खात्रीने ओळखते. स्वस्त अ‍ॅनलायझर मात्र दोन व्होल्टच्या आसपासच १ मानतो. तारा लांब असल्या किंवा वर ओढणारा रेझिस्टर फार मोठा असला, तर एसडीए संथपणे चढते आणि अडीच-तीन व्होल्टपर्यंत जाऊन परत खाली येते. अ‍ॅनलायझर ती स्वच्छ सरळ कडेसारखी काढतो, चिपला मात्र तो बिट कळत नाही. आलेखात पत्ता अचूक, चिपला वीज मिळते, जोडणी बरोबर आणि तरीही नववा बिट कधी खाली तर कधी वर दिसत असेल, तर ऑसिलोस्कोप लावून तार खरोखर किती उंच चढते ते पाहायचं आणि सुमारे ४.७ किलोओहमचे रेझिस्टर दोन्ही तारांना जोडून पाहायचे.