बसच्या तीन फेऱ्या

लायन्स क्लबांच्या नेत्रकार्याची सुरुवात १९२५ मधल्या हेलन केलर यांच्या भाषणापासून सांगितली जाते. अंधत्वाविरुद्धच्या लढ्यात उतरा, असं आवाहन त्यांनी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात भरलेल्या अधिवेशनात केलं होतं. तालुक्याच्या गावातल्या सेवाभावी क्लबाची सभा मात्र मांडवाच्या भाड्यावरच अडते. नेत्रशिबिर कसं होणार हे ठरतं ते खजिनदारांच्या वहीत.

अशा एका वहीतला हिशेब समजायला सोपा जावा म्हणून आकडे गोल केले आहेत. दोनशे लोक येतील हा अंदाज, खर्चाची मर्यादा ४०,००० रुपये. पहिल्या मसुद्यात मांडव, खुर्च्या आणि माइक ९,०००, बॅनर आणि गावात फिरणारी रिक्षा ६,०००, चहा-जेवण ८,०००, सत्काराच्या शाली ५,०००, चष्मे ८,००० आणि गाडीभाडं ४,०००. म्हणजे २८,००० रुपये शिबिराचा दिवस मावळेपर्यंत संपणार होते.

मागच्या वर्षीही तसंच झालं होतं. दोनशे जण तपासले म्हणून कौतुक झालं, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांची संख्या विचारल्यावर कोणालाच सांगता येईना. खजिनदारांनी मसुदा फाडला आणि उलट्या टोकाने सुरुवात केली.

आता गावात फक्त तपासणी होते, ऑपरेशन इस्पितळात. पूर्वी तंबूत, शाळेत डोळे उघडले जायचे. जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे ते बंद झालं. धर्मादाय इस्पितळ ऑपरेशन मोफत करतं, त्याला सरकारी कार्यक्रमातून अनुदानही मिळतं. रुग्णाला तिथे नेणं, परत आणणं आणि आठवड्याने पुन्हा दाखवायला नेणं मात्र क्लबाकडे येतं. तीसजणांच्या बसच्या तीन फेऱ्या, प्रत्येकी ५,०००.

म्हणून नव्या मसुद्यात बस १५,०००. शाळेची खोली फुकट मिळाली, तेव्हा रांगेवर सावली धरण्यापुरता मांडव १,०००. आशाताईंनी घरोघरी निरोप दिले, प्रचार ३,००० वर आला. जेवण ६,०००. शाली रद्द, यावरून दोघे सदस्य नाराज झाले. चष्मे ११,०००: जवळचं वाचायचे साठ तयार चष्मे शंभराने, नंबर काढून बनवायचे वीस अडीचशेने. उरलेल्या ४,००० पैकी १,००० साखर तपासायच्या पट्ट्यांना आणि ३,००० राखीव.

चष्म्यांचा आकडा ठरवायला एक काळी पट्टी मदतीला आली. तिला मिलिमीटरभर व्यासाचं भोक असतं. सहा मीटरवरच्या तक्त्यावर ज्याला खालच्या ओळी दिसत नाहीत, त्याला त्या भोकातून पाहायला लावतात. दिसू लागलं, तर बहुधा नंबराचा दोष, म्हणजे चष्मा. नाहीच दिसलं, तर मोतीबिंदू किंवा पडद्याचा आजार असू शकतो. अक्षरओळख नसलेल्यांसाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या ‘E’ चा तक्ता असतो; आजी बोटांनी दिशा दाखवतात. ही पट्टी निकाल देत नाही. कोवळ्या मोतीबिंदूतही भोकातून थोडं बरं दिसतं, त्यामुळे शेवटचा शब्द टॉर्च घेऊन बसलेल्या डॉक्टरांचा. पण खर्च कोणत्या रकान्यात जाईल, याचा पहिला अंदाज ती फुकटात देते.

शिबिरात छत्तीसजणांची नावं ऑपरेशनच्या यादीत आली. ठरलेल्या सकाळी बसमध्ये चढले चोवीस. कोणाला ऑपरेशन थंडीतच करायचं होतं, कोणाच्या सोबत यायला घरातलं माणूस नव्हतं. एका दिवसाची मजुरी बुडवणं सगळ्यांना जमत नाही. सोबतीला येणाऱ्याची जागा आणि जेवण हिशेबात धरायला हवं होतं, ते राहून गेलं. चोवीस रुग्ण आणि सोबतीचे सहा इतक्यातच बस भरली.

इस्पितळातून तिघांना परत पाठवलं, साखर फार वाढलेली होती. शिबिरातच मोजायच्या पट्ट्या दुपारी संपल्या होत्या, कारण त्या हौसेने येईल त्याला लावल्या गेल्या. पुढच्या वेळी त्या फक्त ऑपरेशनच्या यादीतल्यांसाठी ठेवायच्या, असं वहीच्या समासात लिहिलं आहे. एकवीस ऑपरेशनं झाली.

खरी काळजी इथून पुढे. थेंब साधारण महिनाभर, हळूहळू कमी करत घालायचे असतात. ऑपरेशननंतरच्या दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला आणि आलेली नजर पुन्हा अंधुक होऊ लागली, तर आत संसर्ग झालेला असू शकतो. अशा वेळी पुढच्या फेरीची वाट पाहायची नसते, त्याच दिवशी गाडी काढायची. राखीव तीन हजार त्यासाठी आहेत, आणि ते उरले तर पुढच्या शिबिराला द्यायचे, सत्काराला नाही, असं खजिनदारांनी सभेत मंजूर करून घेतलं आहे.

आठव्या दिवशीच्या बसला सतरा आले. उरलेल्या चौघांना फोन गेले. दोघांना बरं वाटत होतं म्हणून ते आले नव्हते. त्यांना समजावून दुसऱ्या दिवशी राखीवातून रिक्षाने पाठवलं. तिसरे मुलीकडे गेले होते, तिथल्याच डॉक्टरांकडे दाखवतो म्हणाले. चौथ्या आजींचा म्हणून लिहिलेला नंबर शेजारच्या मुलाचा निघाला. तो दिवसभर रानात असतो, तेव्हा खजिनदार संध्याकाळी साडेसातला पुन्हा लावणार आहेत.