शिडावरची नंबरप्लेट

पुण्याच्या सिग्नलला MH-16 दिसलं की आपण लगेच म्हणतो, "अरे, नगरची गाडी!" शर्यतीच्या होडीच्या शिडावर लिहिलेलं IND हेसुद्धा असंच काम करतं. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोडच्या विष्णु सरवणनने आयएलसीए-7 प्रकारात ब्राँझ मिळवलं. त्या वेळचे फोटो बघताना ही तीन अक्षरं माझ्या डोक्यात बसली, म्हणून थोडी माहिती काढली.

MH-16 म्हणजे गाडीची नोंद नगरला आहे एवढंच. चालवणारा बीडचा का असेना. तसंच IND चा अर्थ खलाशी भारतात जन्मला असा नाही, तर तो भारताच्या यॉटिंग असोसिएशनतर्फे उतरला आहे असा. फरक एकच. परदेशात होडी भाड्याने घेऊन आपलं शीड लावायची पद्धत आहे. म्हणजे गाडी भाड्याची, पाटी आपली!

अक्षरं ऑलिंपिकच्या यादीतली असतात, त्यामुळे इंग्रजी नावावरून अंदाज बांधला तर फसायला होतं. स्पेन ESP, स्वित्झर्लंड SUI, तर इंडोनेशिया INA.

आता खरी गंमत. अक्षरांबरोबर नंबरही असतोच, मग अक्षरं कशाला? लहान मुलांच्या ऑप्टिमिस्ट होडीला नंबर त्या त्या देशाची संघटना देते. त्यामुळे MH-16 आणि MH-12 मध्ये जसा 1101 वेगवेगळा असू शकतो, तसा भारताचा 1101 आणि सिंगापूरचा 1101 एकाच शर्यतीत येऊ शकतो. समजा सुरुवातीच्या शिट्टीआधी एका 1101 ने रेषा ओलांडली. पंचांच्या बोटीवरच्या माणसाने नुसतं '1101' लिहिलं, तर शिक्षा कुणाला? म्हणून 'IND 1101' असं पूर्ण टिपावं लागतं. आयएलसीएमध्ये मात्र होडीचा नंबर जगभरात एकच असतो. तिथे अक्षरं फक्त देश सांगतात.

हे लांबून वाचता यावं म्हणून साडेतीन ते साडेआठ मीटरच्या होड्यांना अक्षराची उंची किमान 300 मिलिमीटर, म्हणजे आपल्या ड्रॉइंगच्या फूटपट्टीएवढी लागते. अक्षरं शिडाच्या दोन्ही बाजूंना असतात आणि उजव्या बाजूची थोडी वर लावतात. पातळ कापडातून पलीकडचं दिसतं, ते एकमेकांवर येऊ नये म्हणून.

तरी घोटाळा होतोच. शीड दुमडलं किंवा चिकटवलेलं शेवटचं अक्षर ओलं होऊन सुटलं, की IND आणि INA मध्ये फरक उरत नाही. अशी चूक सापडली तर पंच ताकीद देऊन दुरुस्तीला वेळ देतात, नाहीतर दंड करतात.

एक लक्षात ठेवा: अक्षरांची सक्ती आंतरराष्ट्रीय स्पर्धेपुरती आहे. मुंबईत एखाद्या शिडावर नुसता नंबर दिसला, तर तो पाटी चुकवणारा नव्हे. घरच्या गल्लीत MH-16 कोण वाचतं?