दहावीचे वर्ष आणि रजेचा अर्ज

केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना 1 सप्टेंबर 2008 पासून बाल संगोपन रजा मिळू लागली. कचेरीत तिला सगळे ‘सीसीएल’ म्हणतात. सहाव्या वेतन आयोगानंतर निघालेल्या पहिल्या आदेशात मुलांच्या गरजांची उदाहरणे देताना आजारपणाबरोबर परीक्षेचाही उल्लेख होता. मुलाच्या परीक्षेसाठी आईने मागितलेली सुट्टी तोवर ‘घरगुती कारण’ या नावाखाली जात असे. आता त्या कारणाला नियमातच जागा आहे. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियमांतील 43-सी हा तो नियम. संपूर्ण सेवेत 730 दिवस, हयात मुलांपैकी मोठ्या दोघांसाठी, आणि मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत, अशी त्याची चौकट. मूल अपंग असेल तर वयाची अट नाही. पहिल्या 365 दिवसांना पूर्ण पगार मिळतो, पुढच्या 365 दिवसांना 80 टक्के. ही रजा अर्जित रजेच्या खात्यातून वजा होत नाही. तिचा हिशेब वेगळ्या तक्त्यात ठेवून तो सेवापुस्तकाबरोबर जपला जातो.

महाराष्ट्र शासनाने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना अशी रजा जुलै 2018 मध्ये दिली. ती संपूर्ण सेवेत 180 दिवसांची, म्हणजे केंद्राच्या रजेच्या चौथ्या हिश्श्याएवढीच आहे. रोजच्या व्यवहारातल्या अडचणी मात्र दोन्हीकडे बऱ्याच सारख्या. इथे केंद्रीय कार्यालयातील एका लिपिक महिलेचे उदाहरण घेतले आहे. पुण्यात नोकरी, मुलगी राज्य मंडळाच्या दहावीला आणि वर्ष 2025, असे धरू.

त्या वर्षी दहावीची परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू झाली आणि 17 मार्चला संपली. वेळापत्रक मंडळाने काही महिने आधीच जाहीर केले होते. परीक्षेच्या रजेची ही मोठी सोय असते: तारखा आधी कळतात, रजा सलग लागते आणि अर्ज निवांत करता येतो. प्रवेशाचे याच्या अगदी उलट. निकाल कधी लागेल, अकरावीची पहिली यादी कधी येईल, कागद घेऊन महाविद्यालयात कोणत्या दिवशी जावे लागेल, हे आठवडाभर आधीही खात्रीने सांगता येत नाही, आणि तेव्हा लागतो तो एखाददुसरा दिवस. दहावीच्या वर्षी रजेचे गणित बिघडते ते बहुधा या दोन गरजा एकाच रजेतून भागवायला गेल्यामुळे.

कारण सीसीएल ही सुट्या दिवसांची रजा नव्हे. ती एका वेळी किमान पाच दिवसांची घ्यावी लागते आणि एका कॅलेंडर वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा मिळत नाही. एकट्या पालक असलेल्या महिलेला ही सवलत सहा वेळांपर्यंत आहे. पूर्वी किमान मर्यादा पंधरा दिवसांची होती, तेव्हा दोन-तीन पेपरांसाठीही अर्धा महिना खर्ची पडे. पाच दिवसांमुळे काम सोपे झाले, पण ‘तीन वेळा’ची अट कायम राहिली. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मे महिन्यात आणि प्रवेश जून-जुलैमध्ये. सगळे एकाच कॅलेंडर वर्षात येते. जानेवारीत पूर्वपरीक्षेसाठी पाच दिवस घेतले की एक संधी गेली. मग बोर्डाची परीक्षा ही दुसरी. उरलेली एक प्रवेशासाठी ठेवावी, तर धाकट्या मुलाच्या आजारपणाला काहीच राहत नाही. मोजणी कॅलेंडर वर्षाची असल्यामुळे पूर्वपरीक्षा डिसेंबरात असेल तर तिची रजा आधीच्या वर्षात पडते, आणि जाणकार आस्थापना लिपिक हे आपणहून सुचवतात.

दिवसांची मोजणीही समजून घ्यावी लागते. आपल्या उदाहरणातील आईने सोमवार, 17 फेब्रुवारी ते सोमवार, 17 मार्च अशी रजा मागितली. पहिल्या पेपरआधी चार दिवस उजळणीला मिळावेत, हा हेतू. ही रजा 29 दिवसांची होते. अर्जित रजेप्रमाणेच सीसीएलमध्येही मधले शनिवार, रविवार आणि सण मोजले जातात. त्यामुळे चार शनिवार, चार रविवार, महाशिवरात्र आणि धुळवड या दहा सुट्ट्याही तिच्या खात्यातून गेल्या. रजेला लागून आधी आलेले 15 आणि 16 फेब्रुवारीचे शनिवार-रविवार मात्र जोडसुट्टी म्हणून फुकट मिळतात, फक्त अर्जात तसे लिहावे लागते. गावाहून आजीला आणायला त्या दोन दिवसांत पुणे सोडायचे असेल तर मुख्यालय सोडण्याची परवानगीही त्याच अर्जात मागितलेली बरी.

अर्जाचा मजकूर छोटाच असतो, पण त्यात काय हवे हे बऱ्याच जणींना पहिल्या वेळी कळत नाही. ‘मुलीच्या परीक्षेमुळे रजा मंजूर व्हावी, ही विनंती’ एवढ्यावर फाइल हलत नाही. अर्ज साधारण असा असला म्हणजे आस्थापना शाखेला परत विचारावे लागत नाही: ‘माझी ज्येष्ठ कन्या, जन्मतारीख अमुक, इयत्ता दहावीच्या मंडळ परीक्षेस बसत आहे. तिच्या परीक्षेसाठी 17 फेब्रुवारी ते 17 मार्च 2025 या 29 दिवसांची बाल संगोपन रजा मिळावी. 15 व 16 फेब्रुवारीची सुट्टी रजेच्या आधी जोडण्यास परवानगी असावी. चालू वर्षातील ही माझी पहिली बाल संगोपन रजा आहे.’ सोबत वेळापत्रकाची प्रत आणि शाळेचा दाखला. प्रवेशपत्र हाती आले असेल तर तेही. जन्मदाखला सेवा अभिलेखात आधीच नोंदलेला असेल तर पुन्हा लागत नाही. पण बहुतेक आक्षेप इथेच निघतात: मुलीचे नाव कुटुंबाच्या तपशिलात चढवलेलेच नसते, किंवा जन्मतारखेत दाखल्याशी एका दिवसाचा फरक असतो. अशी दुरुस्ती परीक्षेच्या आठवड्यात होत नाही. ती दिवाळीच्या सुमारास उरकलेली असावी.

अर्ज आधी जातो शाखाधिकाऱ्याकडे, आणि खरी घासाघीस तिथे होते. त्याला पडलेला प्रश्न टेबल कोण सांभाळणार, हा. दहावीची परीक्षा आणि मार्चअखेर एकाच वेळी येतात. आयकर, लेखा, कोषागार अशा कार्यालयांत मार्चमध्ये एक माणूस कमी होणे अधिकाऱ्याला परवडत नाही, आणि त्याचे हे म्हणणे खोटे नसते. म्हणून अर्जाबरोबर कोणते काम कुणाकडे सोपवले, कोणती देयके 14 फेब्रुवारीपूर्वी निकाली निघतील आणि कोणती उरतील, हे अर्ध्या पानात लिहून दिलेले उपयोगी पडते. शिफारशीचा शेरा कसा येईल ते पुष्कळदा या अर्ध्या पानावर ठरते. त्यानंतर आस्थापना शाखा शिल्लक दिवस, वर्षातील वेळा आणि मुलीचे वय तपासते, आणि सक्षम अधिकारी आदेश काढतो.

सीसीएल हक्क म्हणून मागता येत नाही, असे आदेशात स्पष्ट म्हटले आहे. मंजुरीपूर्वी रजेवर जाणे तर मुळीच चालत नाही. ‘अर्ज दिला आहे, पुढे बघू’ म्हणून घरी बसलेल्या कर्मचाऱ्याची गैरहजेरी अनधिकृत ठरू शकते आणि तिचा परिणाम पगारावर आणि सेवेच्या सलगतेवर होऊ शकतो. पण हक्क नाही याचा अर्थ कारण न देता नाकारता येते, असाही नाही. अंदमान-निकोबार प्रशासनातील एका महिलेने मुलाच्या दहावीच्या वर्षासाठी जुलै 2011 पासून सहा महिन्यांची रजा मागितली होती. कार्यालयाने 45 दिवस दिले. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने तिच्या बाजूने निर्णय दिला, कलकत्ता उच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि एप्रिल 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची बाजू मान्य केली. नियमात सलग रजेला मनाई नाही आणि सलग 730 दिवसही घेता येतात, असा तो निकाल. रजा नाकारण्याचे सबळ कारण कार्यालयाने दाखवलेले नाही, हेही न्यायालयाने नोंदवले. निकाल लागेपर्यंत मुलाची दहावी कधीच होऊन गेली होती. म्हणूनच न्यायालयापर्यंत जाण्यापेक्षा नकार आल्यास त्याचे कारण लेखी मागणे अधिक कामाचे. बऱ्याचदा लेखी नकाराऐवजी आठवडाभर पुढेमागे सरकवलेल्या तारखांवर तडजोड होते.

आता प्रवेश. 2025 मध्ये दहावीचा निकाल 13 मे रोजी लागला. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया त्या वर्षी प्रथमच राज्यभर लागू झाली आणि सुरुवातीलाच संकेतस्थळ अडखळले. 10 जूनला अपेक्षित असलेली पहिली यादी 28 जूनला लागली. जून महिन्यातल्या दुसऱ्या आठवड्यासाठी ज्या आयांनी पाच दिवसांची सीसीएल आधीच मंजूर करून घेतली होती, त्यांची तिसरी संधी यादीविनाच संपली. या कामाला किरकोळ रजाच योग्य. ती वर्षाला आठ दिवस मिळते, अर्ध्या दिवसाचीही घेता येते, मधल्या सुट्ट्या तिच्यात मोजल्या जात नाहीत आणि ती एका दिवसाच्या सूचनेवर मिळू शकते. दहा महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरणे रात्री घरी बसून होते. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर मात्र प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. त्यामुळे मूळ गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, लागू असल्यास जातीचे आणि नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र घेऊन महाविद्यालयात जाण्याचा तो एक दिवस चुकवता येत नाही. तेव्हा दहावीच्या वर्षी किमान तीन किरकोळ रजा जूनपर्यंत शिल्लक ठेवाव्यात. मार्चमधल्या सीसीएलला आणखी एक दिवस जोडायचा म्हणून त्या वापरताही येत नाहीत. किरकोळ रजा इतर नियमित रजेला जोडता येत नाही.

बारावीसाठी दिवस राखून ठेवणाऱ्या आयांची वेगळीच फसगत होते. अठरावा वाढदिवस झाला की ही रजा संपते. खात्यात चारशे दिवस शिल्लक असले तरी. बारावीची मुले सतरा-अठराची असतात, आणि वैद्यकीय प्रवेशासाठी एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देणारा मुलगा तर अठरा ओलांडलेलाच असतो. त्याच्यासाठी अर्जित रजा काढावी लागते. दहावीला सीसीएल मोकळेपणाने वापरून अर्जित रजा पुढच्या वर्षांसाठी ठेवणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा हिशेब.

या साऱ्यात वडिलांना फारशी जागा नाही. केंद्राने 2018 मध्ये सीसीएल पुरुषांना दिली ती अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित आणि एकट्याने मूल सांभाळणाऱ्यांना. पत्नी खाजगी नोकरीत असेल आणि तिला सुट्टीच मिळत नसेल, तरी सरकारी नोकरीतल्या पतीला मुलीच्या परीक्षेसाठी ही रजा मागता येत नाही. त्याने अर्जित किंवा किरकोळ रजा काढायची. खाजगी दुकाने-आस्थापनांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यात बाल संगोपन रजा नाहीच. तिथे आई असो वा वडील, वर्षाच्या आठ किरकोळ रजा आणि कामाच्या दर वीस दिवसांमागे मिळणारी एक दिवसाची रजा यांतूनच परीक्षा आणि प्रवेश दोन्ही भागवावे लागतात.