लॅपटॉपच्या कोणत्या पोर्टातून चित्र बाहेर जाते?



पुसेगाव परिसरात शाळाभेटीस गेलो असता एका शाळेतील गुरुजींनी एक अडचण पुढे मांडली. वर्गात दूरदर्शन संच होता, लॅपटॉप होता, आणि दोहोंना जोडणारा यू.एस.बी.-सी ते एच.डी.एम.आय. असा अडॅप्टरही नुकताच आणलेला होता. सर्व जोडणी करूनही संचावर ‘सिग्नल नाही’ एवढेच दिसत होते. अडॅप्टर सदोष आहे असे समजून शाळेच्या तुटपुंज्या अनुदानातून दुसरा मागविण्याचे त्यांनी ठरविले होते. वस्तुतः दोष अडॅप्टरचा नव्हता. लॅपटॉपच्या डाव्या अंगास एकाच आकाराचे दोन पोर्ट होते आणि अडॅप्टर त्यांपैकी भलत्याच पोर्टात बसविला होता. असा अनुभव अन्य शाळांतही येण्याचा संभव असल्याने या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करू.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. यू.एस.बी.-सी हे नाव केवळ पोर्टाच्या आकाराचे आहे. त्यातून कोणते काम होते, ते या नावावरून कळत नाही. दोन गावांचे एस.टी. थांबे दिसावयास सारखे असले, तरी जलद गाडी कोणत्या थांब्यावर थांबेल हे थांब्याच्या बांधणीवरून सांगता येत नाही. तसेच हे आहे. या आकाराचा पोर्ट 2014 साली पुढे आला. त्याच्या आत 24 बारीक संपर्कबिंदू असतात. त्यांपैकी काहींतून वीज वाहते, काहींतून सामान्य माहिती, आणि चार जोड्या अतिवेगवान माहितीसाठी राखलेल्या असतात. या वेगवान जोड्या चित्र नेण्यासाठी वळविण्याची जी पद्धत आहे, तिला ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ म्हणतात. अडॅप्टर पोर्टात बसताच तो आणि लॅपटॉप एका लहान संपर्कबिंदूवरून परस्परांशी संकेतांची देवाणघेवाण करतात. लॅपटॉपची अनुकूलता असेल तर जोड्या चित्राकडे वळतात. नसेल तर काहीच घडत नाही.

ही अनुकूलता लॅपटॉपच्या आतील जोडणीवर अवलंबून असते. चित्र तयार करणाऱ्या भागापासून त्या पोर्टापर्यंत तारा नेलेल्या असतील, तरच चित्र बाहेर येते. खर्च वाचविण्यासाठी अनेक निर्माते दोनपैकी एकाच पोर्टापर्यंत अशा तारा नेतात, आणि स्वस्त यंत्रांत तर एकाही पोर्टाला ही सोय नसते. ज्या पोर्टाला ती जोडणीच नाही, त्याला ती कोणत्याही सॉफ्टवेअरने मागाहून देता येत नाही.

आता पोर्टालगतच्या सूक्ष्म चिन्हांकडे वळू. ती फार लहान असतात. तेव्हा भिंग घ्यावे किंवा मोबाईलने छायाचित्र काढून मोठे करून पाहावे.

पहिले चिन्ह म्हणजे मोठ्या ‘D’ अक्षराच्या पोटात ‘P’ अक्षर. हे डिस्प्लेपोर्टचे चिन्ह असून आपल्या कामाचे सर्वांत स्पष्ट निशाण होय. दुसरे चिन्ह म्हणजे खालच्या टोकास बाणाचे अग्र असलेली वीज. हे थंडरबोल्टचे चिन्ह असून अशा यू.एस.बी.-सी पोर्टातूनही चित्र जाते. तिसरे चिन्ह म्हणजे त्रिशूळासारखी आकृती. तिच्यालगत कधी ‘SS’ ही अक्षरे व 5 किंवा 10 हा आकडा असतो. ही आकृती व हे आकडे माहितीच्या वेगाविषयीच सांगतात. चित्राविषयी काही सांगत नाहीत. चौथे चिन्ह बॅटरीचे असते. त्याचा संबंध विजेशी आहे. या पोर्टातून लॅपटॉपचे चार्जिंग होते म्हणून चित्रही जाईल, असे अनुमान काढू नये.

येथे एक गफलत नेहमी होते. बाणाचे अग्र नसलेली साधी वीज त्रिशूळाशेजारी वा बॅटरीशेजारी काढलेली आढळते. तिचा अर्थ, लॅपटॉप झोपेत वा बंद असतानाही त्या पोर्टातून मोबाईल चार्ज होतो, एवढाच बहुधा असतो. तिला थंडरबोल्ट समजू नये.

चिन्ह मुळीच नसेल तर? काही निर्माते चित्राची सोय असूनही चिन्ह छापत नाहीत. त्यावेळी यंत्राचा नेमका नमुना शोधावा. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर विंडोज कळ व R ही कळ एकत्र दाबून पुढील शब्द टंकावा व एंटर दाबावे :

```
msinfo32
```

उघडलेल्या पानावर System Model या शब्दांपुढे नमुना लिहिलेला दिसेल. तो घेऊन निर्मात्याच्या संकेतस्थळावरील तांत्रिक तपशील पाहावा. पोर्टाच्या वर्णनात DisplayPort, Thunderbolt किंवा USB4 यांपैकी एखादा शब्द असेल तर चित्र जाईल. data transfer only असे शब्द असतील तर जाणार नाही.

पूर्वोक्त शाळेत आम्ही हीच रीत अनुसरली. दोन पोर्टांचे छायाचित्र मोठे करून पाहिले. पुढच्या पोर्टाजवळ केवळ त्रिशूळ व ‘SS’ अक्षरे होती. मागच्या पोर्टाजवळ बॅटरी व ‘D’मधील ‘P’ ही दोन्ही चिन्हे होती. गुरुजींनी हाताला सोयीचा म्हणून पुढचा पोर्ट निवडला होता. त्यात पेन ड्राइव्ह उत्तम चालत होता, म्हणून पोर्ट निर्दोष आहे असे त्यांना वाटले. आणि माहितीपुरता तो निर्दोषच होता. आम्ही संचावर एच.डी.एम.आय.चा योग्य क्रमांक निवडला, अडॅप्टर मागच्या पोर्टात बसविला, आणि विंडोज व P या कळा एकत्र दाबून Duplicate हा पर्याय घेतला. थोड्याच वेळात मुलांच्या कवितेचे पान संचावर उमटले. चुकीच्या पोर्टात अडॅप्टर बसविल्याने यंत्रास इजा होत नाही. तेव्हा दोन्ही पोर्ट तपासून पाहण्यास हरकत नाही.

परंतु त्या पोर्टावर बॅटरीचेही चिन्ह होते, आणि लॅपटॉपचा चार्जर तेथेच लागत असे. अडॅप्टर बसविला की चार्जिंग बंद, अशी नवी अडचण उभी राहिली. यावर उपाय म्हणजे ज्या अडॅप्टरला चार्जर जोडण्याची स्वतंत्र जागा असते तो वापरणे. तोवर पाठापूर्वी बॅटरी पूर्ण भरून घ्यावी.

आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. संच स्वतः यू.एस.बी.-सीचा असून तारेने थेट जोडावयाचा असेल, तर मोबाईलच्या चार्जरची तार बहुधा उपयोगी पडत नाही; तिच्यात वेगवान जोड्यांच्या ताराच नसतात. आणि लॅपटॉपच्या एकाही पोर्टाला चित्राची सोय नसेल, पण एच.डी.एम.आय.चे छिद्र असेल, तर साधी एच.डी.एम.आय. तार घ्यावी. तेही नसेल तर ‘डिस्प्लेलिंक’ जातीचा अडॅप्टर मिळतो. तो चित्र सामान्य माहितीच्या रूपाने नेतो; त्यासाठी लॅपटॉपवर त्याचे सॉफ्टवेअर बसवावे लागते व किंमतही अधिक पडते.

योग्य पोर्ट एकदा सापडला की त्याच्याजवळ ‘चित्र’ असा शब्द लिहिलेली कागदाची चिठ्ठी चिकटवावी, आणि जडसंग्रह नोंदवहीत लॅपटॉपच्या नोंदीसमोर तो पोर्ट कोणता हे लिहून ठेवावे. बदलीने नवे गुरुजी आले, तरी तोच शोध पुन्हा करण्याची व नवा अडॅप्टर विकत घेण्याची वेळ मग येणार नाही.